सॉल्ट ब्रिज आणि पोटॅशियम क्लोराइडची मर्यादा

«सॉल्ट ब्रिजमध्ये KCl भरा, विषय संपला. पोटॅशियम आणि क्लोराइड आयन एकाच वेगाने जातात, म्हणून द्रवसंधी विभव शून्य होतो. KCl कशाशीच अभिक्रिया करत नाही, त्यामुळे ते कुठल्याही सेलला चालते. अगदीच अडले तर KNO₃ घ्या, ते सगळीकडे चालते.»

सॉल्ट ब्रिज म्हणजे सेलमधील दोन द्रावणे जोडणारी क्षाराच्या द्रावणाची नळी, आणि द्रवसंधी विभव म्हणजे दोन द्रावणे भिडतात त्या संधीवर येणारा विभव. वरील सल्ल्यातील वेगाचे विधान जवळपास खरे आहे. 25 अंश सेल्सियसला अतिविरल द्रावणातील मोलर वाहकता, म्हणजे येथे वेगाचे माप, पोटॅशियमसाठी 73.5 आणि क्लोराइडसाठी 76.3 आहे (एकक S cm² mol⁻¹), म्हणजे फरक सुमारे चार टक्के. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाला 0.1 मोलर KCl चे द्रावण भिडवले, तर संधीवर सुमारे 27 मिलिव्होल्ट विभव येतो. तेच आम्ल 3.5 मोलर KCl ला भिडवले, तर तो सुमारे 3 मिलिव्होल्टवर उतरतो. आयन तेच, वेगही तेच. बदलली ती फक्त संहती. हायड्रोजन आयन पोटॅशियमच्या जवळपास पाचपट वेगाने पुढे निसटतो आणि संधीच्या दोन बाजूंवर विद्युतप्रभार साचतो. पण ब्रिजमधील द्रावण संहत असेल, तर संधीतून जाणाऱ्या आयनांत पोटॅशियम व क्लोराइड यांचाच भरणा असतो आणि त्यांचे जवळपास सारखे वेग तेथे वरचढ ठरतात. म्हणून वेगांची जुळणी आणि जास्त संहती या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. त्या दोन्ही असूनही उरणारे 3 मिलिव्होल्ट म्हणजे सामूत (pH) सुमारे 0.05 ची चूक, आणि काटेकोर मापनात ती दुर्लक्षिता येत नाही.

खरी गफलत निष्क्रियतेच्या विधानात आहे. जस्त आणि तांबे यांच्या डॅनियल सेलमध्ये KCl चा ब्रिज निर्धोक चालतो, आणि बहुतेकांचा पहिला अनुभव तोच असल्यामुळे हा समज पक्का होत असावा. आता जस्ताच्या जागी तांबे आणि तांब्याच्या जागी चांदी घ्या. कॉपर सल्फेट आणि सिल्व्हर नायट्रेट दोन्ही 0.1 मोलर असतील, तर आयनांची सक्रियता संहतीइतकीच धरून या सेलचा विभव सुमारे 0.43 व्होल्ट येतो. सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण 50 मिलिलिटर असेल, तर त्यात 5 मिलिमोल चांदी आहे. संपृक्त KCl साधारण 4.2 मोलर असते, म्हणून त्याचे केवळ 0.6 मिलिलिटर बीकरमध्ये झिरपले तरी निम्मी चांदी सिल्व्हर क्लोराइडच्या रूपाने खाली बसते. एवढ्याने विभव 18 मिलिव्होल्टनेच घटतो, आणि ही घट सहज नजरेतून सुटते. 1.2 मिलिलिटर झिरपले, तर चांदी व क्लोराइड यांचे प्रमाण बरोबरीला येते, द्रावणात चांदीचे आयन 10⁻⁵ मोलरच्या आसपास उरतात आणि विभव 0.20 व्होल्टपर्यंत कोसळतो.

आगारच्या जेलमुळे झिरपणे मंदावते, थांबत नाही. शिवाय अवक्षेप प्रथम ब्रिजच्या टोकाशीच धरतो. टोकाला पांढरे कडे दिसले आणि ते उजेडात जांभळट होऊ लागले, वाचन एका दिशेने सरकत राहिले, द्रावण ढवळताच उडी मारू लागले, तर इलेक्ट्रोडला दोष देण्याआधी ब्रिज बाहेर काढून पाहावा. टोकाची छिद्रे बुजली की रोध वाढतो, आणि संधी पूर्वीची न राहिल्यामुळे तिच्या विभवाचा हिशेबही कोलमडतो. शिसे आणि मर्क्युरस आयन यांच्याबाबतही क्लोराइड हाच अडथळा आहे.

अशा ठिकाणी KNO₃ योग्य आहे. नायट्रेटची वाहकता 71.4 असल्यामुळे वेगांची जुळणी KCl पेक्षा किंचित सरसच होते. मात्र त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर फार बदलते: 30 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 45 ग्रॅम विरघळते, तर 10 अंशांना सुमारे 21 ग्रॅम. उन्हाळ्यात संपृक्त करून भरलेल्या ब्रिजमध्ये थंडीत स्फटिक दिसले, तर नवल वाटू नये.

तरीही ते सगळीकडे चालत नाही. सेलमध्ये परक्लोरेट असेल, तर अपराधी क्लोराइड नसून पोटॅशियम असतो. पोटॅशियम परक्लोरेट पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे KCl आणि KNO₃ दोन्ही तेथे सारखेच अवक्षेप देतात. तेथे सोडियम क्लोराइड किंवा सोडियम नायट्रेट घ्यावे लागते, आणि सोडियमची वाहकता 50 च असल्यामुळे द्रवसंधी विभव थोडा वाढणार हे आधीच गृहीत धरावे लागते. अमोनियम नायट्रेटमध्ये वेग जुळतात आणि विद्राव्यताही भरपूर असते, पण द्रावण तीव्र अल्कधर्मी असेल तर अमोनिया सुटतो. अवक्षेप होत नसला, तरी जो आयन मोजायचा आहे तो ब्रिजमधून येता कामा नये. विरल नमुन्यातील क्लोराइड मोजताना KCl चा ब्रिज स्वतःच नमुना दूषित करतो. पोटॅशियम मोजताना मात्र लिथियम ॲसिटेट वापरतात: त्याचे दोन्ही आयन सावकाश चालतात, तरी 38.7 आणि 40.9 अशा वाहकतांमुळे त्यांची जोडी चांगली जमते.