भाषणात एक आकडा राहिला

कामगार प्रतिनिधीच्या भाषणावरचा लेख वाचला. त्यात एक वाक्य आहे: «महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला असल्याने दरवाढीची भरपाई आपोआप होते.»

आपोआप होत नाही. भत्ता निर्देशांकाच्या प्रत्येक अंकाला ठरावीक रुपये असा मिळत असेल, तर अंक कुठल्या मालिकेतला हे आधी पाहावं लागतं. सप्टेंबर २०२० पासून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक २००१ ऐवजी २०१६ हे वर्ष १०० धरून निघतो. नव्या मालिकेतला एक अंक म्हणजे जुन्या मालिकेतले २.८८ अंक. समजा जुन्या करारात अंकाला ५ रुपये आहेत आणि नवा निर्देशांक १० अंकांनी चढला. तो वाढीव आकडा २.८८ ने गुणला तर भत्ता १४४ रुपयांनी वाढायला हवा. न गुणता थेट लावला तर हातात येतात ५० रुपये. ९४ रुपयांचा हा फरक दर महिन्याला पडतो आणि पुढच्या प्रत्येक वाढीत मोठा होत जातो.

आमच्या कारखान्यात नेमकं हेच झालं होतं. मी तेव्हा कमिटीत होतो. आमच्या प्रतिनिधीनं बैठकीत डाळ-तेलाचे भाव, मुलांची फी, खोलीभाडं सगळं पोटतिडकीनं मांडलं, पण व्यवस्थापनानं भत्त्याचा तक्ता पुढे सरकवला आणि आम्ही गप्प झालो. नंतर एका निवृत्त सहकाऱ्यानं पगारपत्रक हातात घेऊन विचारलं, "अरे, हे २.८८ ने गुणलंय का?" गुणलेलं नव्हतं. लेखातल्या प्रतिनिधीचं भाषण मनापासून आवडलं, पण मागणीपत्रात मालिकेचं वर्ष आणि हा गुणक स्पष्ट लिहून घ्यायलाच हवा.