शेपूट राहू द्या, आधी चोच बघा

थंडीत अक्षी, रेवदंडा, उरण कुठेही जा, किनाऱ्यावरचा प्रत्येक पांढरा-राखाडी पक्षी लोकांच्या लेखी सीगल म्हणजे कुरवच असतो. आणि ज्यांना टर्न म्हणजे सुरय माहितीये ते लगेच शेपूट झूम करतात, खाच दिसली तर सुरय, नाही दिसली तर कुरव, विषय संपला. माझं मत विचाराल तर शेपूट सगळ्यात शेवटी बघा राव. सुरयने शेपूट पसरली की खाच जवळजवळ गायब होते, बाहेरची लांब पिसं झिजतात, तुटतात, आणि काही सुरयांची खाच मुळातच उथळ असते.

त्यातला खरा घोळ घालणारा म्हणजे गल-बिल्ड टर्न. हिवाळ्यात डोकं पांढरं, डोळ्यामागे काळा पट्टा, आणि ब्लॅक-हेडेड गलचंही हिवाळ्यात डोकं पांढरंच, डोळ्यामागे काळा ठिपका! आता फोटो मोठा करून चोच बघा. कुरवाची लालसर, टोकाला काळी, आणि पायही लालसर. या सुरयची चोच मात्र पूर्ण काळी, आखूड आणि जाडजूड, पाय पण काळे. पंख पसरलेले असतील तर अजून सोपं, ब्लॅक-हेडेडच्या पंखाच्या पुढच्या कडेला टोकाकडे पांढरी पाचर दिसते, सुरयला ती नसते, त्याचे पंख लांब, अरुंद आणि टोकदार.

दुसरा गैरसमज म्हणजे 'पाण्यात सूर मारला नाही, म्हणजे सुरय नाही'. बहुतेक सुरय मारतातच, हवेत एका जागी फडफडत थांबायचं, चोच खाली, आणि मग पंख आवरून डोक्यावर धाडकन पाण्यात. पण गल-बिल्ड टर्न चिखलावर खाली झेपावतो, खेकडा-किडा टिपतो आणि न भिजता वर जातो. उलट कॅस्पियन टर्न, मोठ्या कुरवाएवढा आडमाप, लाल गाजरासारखी चोच, शेपटीची खाच अगदी बेताची, लांबून कोणीही कुरवच म्हणेल, पण तो व्यवस्थित सूर मारतो. कुरव सहसा पाण्यावर उतरून, तरंगत खातो नाहीतर वरूनच उचलतो, लाँचमागे गाठिया झेलणारे तेच. अर्थात ब्लॅक-हेडेडही कधीकधी छोटीशी उथळ बुडी मारतो, त्यामुळे एकट्या बुडीवरून नाव लिहू नका.

एक करा, बर्स्टमधले 'खराब' फोटो लगेच डिलीट मारू नका. पक्षी खाली येतानाच्या एका फ्रेमवरून झेप की सूर ते कळत नाही, पुढच्या दोन-तीन फ्रेममध्ये पाणी उडालं का, पंख मिटले का ते दिसतं. आणि उडताना डोकं कुठे रोखलंय तेही बघा, शिकार शोधणाऱ्या सुरयची चोच बहुतेक वेळा खाली पाण्याकडे, कुरवाची समोर. फोटो पाठीमागून, उन्हाविरुद्ध आणि चोचच दिसत नसेल तर सरळ 'कुरव किंवा सुरय' लिहा, जातीचं नाव ठोकून देण्यापेक्षा ते बरं.