जांगड माल खरेदीत कधी धरायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

«साहेब, जांगड मालावरचा तुमचा लेख पटला नाही. माल माझ्या निपाणीच्या साड्यांच्या दुकानात, कपाट माझं, भाडं माझं, विकणारा मी. तरी तो खरेदीत दाखवायचा नाही म्हणजे हिशेब लपवणंच झालं. बँकवालेही म्हणतात, दुकानात दिसतो तो स्टॉक. शेवटी ही उधारीच, नाव फक्त वेगळं.»

नमस्कार. जांगड म्हणजे न खपल्यास परत करायच्या बोलीवर व्यापाऱ्याने दुकानात ठेवायला दिलेला माल. तो खरेदीत धरायचा की नाही, हे माल कोणाच्या कपाटात आहे यावरून ठरत नाही. न खपलेला माल कोणाच्या गळ्यात पडतो, यावरून ठरतं. व्यापाऱ्याशी झालेला करार काढून बघा. ‘तीन महिन्यांनी विको न विको, पैसे द्यायचे’ असं त्यात असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. मग चलनावर जांगड लिहिलेलं असलं तरी ती पहिल्या दिवसापासून खरेदीच, आणि देणंही त्याच दिवसापासून. पण न खपलेला माल तुम्हाला परत करता येतो, व्यापारी तो कधीही मागवून दुसऱ्या दुकानात पाठवू शकतो आणि विक्री होईपर्यंत तुम्ही पैसे देणं लागत नाही, असं असेल तर तो माल त्याचाच. त्याच्या ताळेबंदात तो स्टॉक म्हणून आहेच. तुम्हीही धरलात तर एकच साडी दोन ठिकाणी मोजली जाईल.

बँकेचंही तसंच. कॅश क्रेडिटसाठी दर महिन्याला तुम्ही जे स्टॉक स्टेटमेंट देता, ती तारणाची यादी असते. दुसऱ्याच्या साड्या तारणात दाखवून उचल घेतली आणि उद्या व्यापारी टेम्पो घेऊन त्या न्यायला आला, तर बँकेच्या हातात काय उरलं? तपासणीला आलेल्या साहेबांना कपाट भरलेलं दिसणारच. म्हणून जांगड माल वेगळ्या फळीवर ठेवा आणि चलनं, जांगडवही त्यांच्यासमोर ठेवा.

लपवालपवीची तुमची शंका मात्र मला महत्त्वाची वाटते, कारण तिला खरोखर एक जागा आहे. ती मार्चअखेरीस सापडते. एक उदाहरण घेऊ, जीएसटी तूर्त बाजूला ठेवून.

इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने 10 जानेवारीला 40 साड्या पाठवल्या, तुम्हाला दर 1,800. माल 72,000 चा, म्हणून कोगनोळीला कर्नाटकाची हद्द ओलांडताना डिलिव्हरी चलनाबरोबर ई-वे बिलही आलं. त्या दिवशी जांगडवहीत 40 नग लिहायचे. खरेदी खात्यात आणि देण्यात काहीच नाही. गिऱ्हाइकाला तुम्ही 2,400 ला विकता. 25 मार्चपर्यंत 22 खपल्या, तुम्ही यादी पाठवली, त्याने 39,600 चं बिल केलं. पुढे 31 मार्चपर्यंत आणखी 4 गेल्या, पण त्यांची यादी एप्रिलमध्ये जाणार.

चूक इथेच होते. त्या चार साड्यांचे 9,600 गल्ल्यात आले आणि विक्रीत धरले गेले. बिल नाही म्हणून त्यांची खरेदी कुणी धरत नाही, आणि नफा 7,200 ने फुगतो. देणं बिलाने उभं राहत नाही, यादीनेही नाही. ते काउंटरवर साडी विकली त्या क्षणी उभं राहतं. म्हणून 31 मार्चला ‘बिल यायचं आहे’ म्हणून 7,200 खरेदी आणि देणं धरायचं. उरलेल्या 14 साड्या तुमच्या शिल्लक मालात येत नाहीत.

आता फळीवर जाऊन मोजा. 40 मधून 26 गेल्या, 14 दिसायला हव्यात. 13 निघाल्या तर एक तर विक्री नोंदवायची राहिली, नाहीतर साडी गहाळ झाली. गहाळ मालाची भरपाई दुकानदाराने करायची असं करारात असेल, तर त्या 1,800 चंही देणं आजच धरा. ही मोजणी मी दर महिन्याला करायला सांगतो. वर्षाने केली तर कोणती साडी कधी गेली हे कुणालाच आठवत नाही. विम्याच्या पॉलिसीतही दुसऱ्याचा ठेवलेला माल स्पष्ट लिहून घ्या. नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत तो आपोआप येत नाही.

हे सगळं तुम्ही स्वतःच्या नफ्यासाठी, स्वतःच्या दराने विकता तेव्हाचं. व्यापाऱ्याचे एजंट म्हणून कमिशनवर विकत असाल आणि गिऱ्हाइकाला बिल तुमच्या नावाने देत असाल, तर जीएसटी माल पाठवतानाच लागतो.

आणि जांगड अनंत काळ चालत नाही. पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल विक्रीच्या वेळी किंवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांत, जे आधी असेल तेव्हा, करावंच लागतं. म्हणजे या 14 पैकी ज्या 10 जुलैपर्यंत विकल्या किंवा परत गेल्या नाहीत, त्यांचं बिल आयजीएसटीसह येईल आणि तिथून त्या तुमच्या खरेदीत जातील. जूनच्या शेवटी न खपणाऱ्या साड्या निवडून चलनाने परत पाठवा, म्हणजे व्यापाऱ्याला त्यांच्यावर कर भरावा लागणार नाही आणि तुमचा पैसाही अडकणार नाही.