मुदतवाढ मागा, पण कर्ता लपवून

काम वेळेत होत नाहीये आणि क्लायंटला तसं कळवायचंय? घाबरू नका. मराठी व्याकरणाने तुमची सोय केव्हाचीच करून ठेवली आहे. ‘आम्ही काम केलं नाही’ असं चुकूनही लिहू नका, ‘काम राहून गेलं’ असं लिहा. वाक्यात कर्ता ठेवला की त्याला शोधत कुणीतरी येतं. त्यापेक्षा ‘उशीर झाला’, ‘लक्षात आलं नाही’, ‘जरा मागे पडलं’. जणू काम स्वतःच घरून निघालं होतं आणि वाटेत दम लागून पारावर टेकलं. परवाच असा एक मेल येऊन पडला. चौदा ओळींचा, आणि एकाही ओळीला कर्ता नाही. पुढचं मार्गदर्शन त्याच्याच सन्मानार्थ.

मेल पाठवण्याचा मुहूर्त म्हणजे मुदतीच्या आदल्या रात्री अकरा वाजून छप्पन्न मिनिटं.

नवी तारीख देऊ नका. ‘लवकरात लवकर’ ही तारीख कुठल्याही कॅलेंडरात सापडत नाही, त्यामुळे ती चुकतही नाही.

‘नव्वद टक्के काम झालं आहे’ हे मात्र हमखास लिहा. वीसपैकी अठरा स्क्रीन दिसायला तयार असतील तर नव्वद टक्केच की! त्या अठरांपैकी एकीचीही चाचणी झालेली नाही, हा तपशील सांगून समोरच्याची झोप कशाला उडवायची?

आता मुख्य पदार्थ, म्हणजे कारण. ‘काही अपरिहार्य तांत्रिक अडचणींमुळे’ हे चार शब्द पाठ करून ठेवा, त्यांत काहीही मावतं. उदाहरणच घ्या. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या १८,००० ग्राहक-नोंदी नव्यात आणायच्या आहेत. डेटा साफ करायला तुम्ही दोन दिवस धरलेत. कशावरून? फाइल उघडून वरच्या ५०० ओळी पाहिल्यात, त्यावरून. त्या ओळी सगळ्यात अलीकडच्या होत्या, म्हणून चकचकीत होत्या. खाली काय होतं ते कुणी पाहिलंच नाही. खाली एकच माणूस तीन स्पेलिंगांनी तीनदा बसलेला, पत्ता आणि फोन एकाच रकान्यात कोंबलेले. आणि तारखा! अर्ध्या नोंदींत आधी दिवस, अर्ध्यांत आधी महिना. यातली गंमत अशी की २५/०४ सारखी तारीख उलटी वाचली गेली तर सिस्टिम बोंब मारते, कारण पंचविसावा महिना नसतो. पण ०३/०४ ही तारीख ती निमूट गिळते. तीन एप्रिलचा चार मार्च होतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणजे एरर दाखवणाऱ्या नोंदी दुरुस्त करून ‘झालं एकदाचं’ म्हणणाऱ्यांच्या हाती राहतो तो गुपचूप बिघडलेला डेटा. फाइलच्या वरून, मधून आणि तळातून शंभर-शंभर ओळी काढल्या असत्या तर हे पहिल्याच दिवशी दुपारच्या चहाच्या आत दिसलं असतं. ही तांत्रिक अडचण आहे? आणि ती अपरिहार्य? अहो, तुम्ही न बघता आकडा सांगितलात, एवढंच झालंय! डेटा जसा होता तसाच होता, त्याने तुमचा काही विश्वासघात केलेला नाही.

असो. संयम. उपरोधिक लिहायचं ठरलं होतं.

तर पुढची टीप: दोष शक्यतो क्लायंटवर ढकला. त्यांनी फाइल तीन दिवस उशिरा दिली होती ना? मग त्या तीन दिवसांवर आपले दहा दिवस अलगद चढवून द्या.

आणि पहिली मुदतवाढ दोनच दिवसांची मागा. मग पुन्हा दोन, मग पुन्हा दोन. जखमेवरची पट्टी एकदाच ओढण्यात काय मजा? समोरच्याने आपल्या माणसांचं प्रशिक्षण दर वेळी ठरवावं, दर वेळी मोडावं, जुन्या सॉफ्टवेअरची मुदत आठवड्या-आठवड्याने वाढवत राहावं. त्यांना दुसरं काम काय आहे?

नाही, आता पुरे. सरळच सांगायला हवं.

कारण एका वाक्यात लिहा आणि त्याला कर्ता द्या. ‘आम्ही अंदाज पहिल्या ५०० नोंदींवरून बांधला, संपूर्ण फाइल तपासली नाही, त्यामुळे साफसफाईला दोन दिवस धरले, ते चुकीचं होतं.’ बास. पुढे टीममधला कोण आजारी होता आणि वीज कधी गेली होती हे कुणी विचारलेलं नाही. त्यांची फाइल खरोखर तीन दिवस उशिरा आली असेल तर तेही लिहा, पण तीनच लिहा, तारखेसकट आणि विशेषणांशिवाय.

मग हिशोब दाखवा. समजा मुदत शुक्रवार १६ तारखेची आहे आणि सोमवारी ५ तारखेला गडबड लक्षात आली. हाताने तपासाव्या लागतील अशा २,१०० नोंदी आहेत. एक माणूस दिवसाला १२० उरकतो, हे एक दिवस करून बघून मग लिहायचं, मनाने नाही. दोन माणसं लावली तर २४०, म्हणजे नऊ कामाचे दिवस. मंगळवार ६ पासून शनिवार-रविवार सोडून मोजलं तर १६ तारीख उजाडते. नंतर चाचणीला तीन दिवस, २१ तारीख. तपासात आणखी काही निघेल म्हणून दोन दिवस राखीव, आणि नवी तारीख २३. हे राखीव दिवस लपवायचे नाहीत, राखीव म्हणूनच दाखवायचे. महिनाअखेरच्या हिशोबाच्या धांदलीत कुणीही नवी सिस्टिम सुरू करत नाही, तेव्हा २३ चुकली तर थेट पुढचा महिना, हेही त्याच मेलमध्ये लिहा.

आणि हा मेल ५ तारखेलाच जायला हवा. त्यांच्या माणसांचं प्रशिक्षण १६ ला ठरलं असेल तर ५ ला ते एका फोनवर पुढे ढकलता येतं. १५ च्या रात्री कळवलंत तर सकाळी वीस माणसं कामं सोडून रिकाम्या स्क्रीनसमोर बसतात. त्या दिवसाचे पैसे तुमच्या बिलातून कापले तर चालतील का?

पैशाचंही न विचारता सांगा. चूक अंदाजाची असेल तर वाढीव कामाचा खर्च तुमचा. करारात उशिराबद्दल कपात लिहिली असेल तर ती तुम्हाला माहीत आहे, हे त्यांना दिसू द्या. मुदतवाढ लेखी मागा, आणि होकारही लेखीच घ्या. फोनवरचं ‘बरं, बघू’ हा होकार नसतो. एकाच माणसाच्या दोन पत्त्यांपैकी खरा कुठला, हे त्यांच्याच कुणालातरी ठरवावं लागणार आहे. रोज एक तास त्यांचा एक माणूस लागेल, हेही आत्ताच मागून घ्या, नाहीतर १४ तारखेला तुमच्या याद्या त्यांच्या टेबलावर पडून राहतील आणि पुन्हा ‘काम राहून गेलं’ असेल.

दुसरा मार्गही देऊन ठेवा: स्वच्छ असलेल्या १५,९०० नोंदी, त्यांतल्या तारखा जुन्या फाइलशी ताडून, १६ लाच सुरू करायच्या आणि उरलेल्या २३ ला. कदाचित त्यांना तेवढंच पुरेल, कदाचित अर्धवट नकोच असेल. ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, तुम्ही परस्पर ठरवू नका.

आणि मेल पाठवल्या पाठवल्या फोन बंद करून बसू नका.