फिजिऑलॉजीचे जुने पेपर आणि "80 टक्के रिपीट"चा मेसेज

"फिजिऑलॉजीचं टेन्शन घेऊ नका. गेल्या पाच वर्षांचे पेपर कुणाकडून तरी मिळवा आणि दोनदा आलेले प्रश्न वेगळे काढा. 80 टक्के पेपर त्यातूनच येतो. मागच्या परीक्षेत जे आलं ते यंदा सोडा, आणि जे कधीच आलं नाही ते उघडूही नका."

मी मिरजेत एमबीबीएसच्या फर्स्ट इयरच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते, आणि जुन्या पेपरांचं विश्लेषण मी स्वतः करते, मुलांकडूनही करून घेते. ते उपयोगाचंच आहे. पण वर दिलेल्या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य मुलांना चुकीच्या जागी नेऊन सोडतं, आणि त्याची किंमत परीक्षेच्या हॉलमध्ये कळते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पेपर कुणाचे ते बघा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं आहे. सांगलीतलं भारती विद्यापीठाचं कॉलेज अभिमत विद्यापीठाचं, कराडचं कृष्णाही अभिमत. त्यांची परीक्षा त्यांची, पेपर त्यांचे. पण मुलं एकाच क्लासला जातात, एकाच बसने येतात-जातात, त्यामुळे झेरॉक्सवाल्याकडच्या स्पायरल बाइंडिंगमध्ये तिन्हीकडचे पेपर एकत्र शिवलेले सापडतात. अशा गठ्ठ्यावरून "हा प्रश्न चारदा आला" म्हणणं म्हणजे तीन वेगळ्या परीक्षांची बेरीज. पहिलं काम म्हणून प्रत्येक पेपरचा माथा वाचा. विद्यापीठ, सत्र, पेपर पहिला की दुसरा, आणि एकूण गुण. जो पेपर तुमच्या विद्यापीठाचा नाही तो बाजूला काढा. उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही सत्रं घ्या. नापासांसाठीचा पेपर म्हणून दुसरं सत्र वगळू नका, कारण तोही याच अभ्यासक्रमावर निघतो.

दुसरी मेख नमुन्याची. 2019 च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यानंतर रुग्णाची हकिगत देऊन कारण विचारणाऱ्या प्रश्नांवर भर वाढला. त्याआधीचे पेपर विषयांची कल्पना यायला चालतात, पण कुठल्या विषयाला किती गुण आणि कुठल्या रूपात, हे त्यांवरून मोजू नका.

आता त्या 80 टक्क्यांकडे. हा आकडा निघतो कसा? दहा पेपर समोर ठेवायचे, दोनदा आलेले प्रश्न गोळा करायचे आणि मग त्याच दहा पेपरांत ते किती दिसतात हे पाहायचं. ज्यांतून यादी काढली त्यांच्यावरच ती तपासली, तर ती बरोबर दिसणारच. खरी परीक्षा अशी घ्या. सगळ्यात अलीकडचे दोन पेपर न वाचता पाकिटात बंद करा. उरलेल्यांवरून यादी करा, क्रम लावा. मग पाकीट उघडा आणि बंद पेपरांतले किती गुण तुमच्या यादीने मिळवून दिले असते ते मोजा. मोजताना दोन वेगळे आकडे लिहा: शब्दशः तोच प्रश्न किती गुणांचा, आणि शब्द वेगळे पण विषय तोच असे किती गुण. माझ्या अनुभवात पहिला आकडा छोटा आणि दुसरा बराच मोठा निघतो. मेसेज लिहिणाऱ्याने दुसरा आकडा पाहिला आणि पाठांतर मात्र पहिल्यासाठी सांगितलं, इथेच घोळ आहे.

पेपरात पुन्हा येतं काय, हे एका विषयावर उलगडून दाखवते. ऑक्सिजन-हिमोग्लोबिन डिसोसिएशन कर्व्ह घ्या. दीर्घोत्तरी प्रश्न येतो तो "रक्तातून ऑक्सिजनचं वहन" म्हणून. लघुत्तरी येतो तो "बोर इफेक्ट" किंवा "पी-50" म्हणून. कारण द्या प्रकारात "साठवलेलं रक्त दिल्यावर ऊतींना ऑक्सिजन कमी का मिळतो", "गर्भाचं हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून ऑक्सिजन कसं घेऊ शकतं", "उंच ठिकाणी काही दिवसांनी शरीर कसं जुळवून घेतं". आणि हकिगत म्हणून येतो तो बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून बेशुद्ध पडलेला माणूस. प्रश्न मोजणारी मुलं याच्या सहा वेगळ्या ओळी करतात, प्रत्येकीपुढे "एकदा" लिहितात, आणि दोनदा आलेलं नाही म्हणून सहाही सोडतात. प्रत्यक्षात हा एकच विषय सहा तोंडांनी आलेला आहे.

तो एकदाच नीट केला तर सहाही उत्तरं कशी निघतात ते पाहा. आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा दाब, उभ्यावर हिमोग्लोबिनचं संपृक्तीकरण. चार बिंदू लक्षात ठेवायचे: दाब 100 असताना सुमारे 97 टक्के, 60 ला 90, 40 ला 75, आणि 27 च्या आसपास 50. हा शेवटचा म्हणजे पी-50. आकृतीचा आकार एस का? हिमोग्लोबिनच्या चार जागांपैकी एक भरली की उरलेल्यांची ओढ वाढते, म्हणून. आता कर्व्ह कुठे सरकतो एवढंच ठरवायचं. आम्लता, तापमान, कार्बन डायऑक्साइड आणि 2,3-डीपीजी वाढलं की तो उजवीकडे जातो, म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं. साठवलेल्या रक्तात 2,3-डीपीजी घटतं, म्हणून कर्व्ह डावीकडे. गर्भाच्या हिमोग्लोबिनला 2,3-डीपीजी नीट चिकटत नाही, म्हणून तोही डावीकडे. उंचीवर काही दिवसांत 2,3-डीपीजी वाढतं, म्हणून उजवीकडे.

आणि गीझरवाला माणूस. इथे गणित करून दाखवा, परीक्षक खूश होतो, कारण बहुतेक मुलं "कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेपट" एवढंच लिहून थांबतात. 15 ग्रॅम हिमोग्लोबिन, दर ग्रॅमला 1.34 मिलि, म्हणजे 100 मिलि रक्तात जवळपास 20 मिलि ऑक्सिजन. समजा एकाला अॅनिमिया आहे, हिमोग्लोबिन 7.5, तर त्याच्याकडे 10 मिलि. दुसऱ्याचं हिमोग्लोबिन 15, पण निम्म्या जागा कार्बन मोनॉक्साइडने अडवल्या, म्हणजे त्याच्याकडेही 10 मिलि. दोघांच्या ऊतींनी 5 मिलि काढून घेतला. अॅनिमियावाल्याचं संपृक्तीकरण 50 टक्क्यांवर येतं, म्हणजे दाब 27 च्या आसपास टिकतो. दुसऱ्याचा कर्व्ह मात्र उरलेल्या जागांची ओढ वाढल्याने डावीकडे सरकलेला आहे. तेवढाच ऑक्सिजन सोडायला दाब त्याहून बराच खाली उतरावा लागतो, आणि ऊती गुदमरतात. दोघांकडे ऑक्सिजन सारखाच होता, तरी धोका दुसऱ्याला जास्त. शिवाय धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब तपासला तर तो नॉर्मल येतो, कारण तो विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो. साधा पल्स ऑक्सिमीटरही फसवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन तो ऑक्सिजन बसलेलंच समजतो. हे सगळं कुठल्याही रिपीट यादीत "कार्बन मोनॉक्साइड पॉयझनिंग – एकदा" एवढ्याच ओळीत पडून असतं.

तेव्हा तक्ता असा आखा. ओळी पेपरांवरून घ्यायच्याच नाहीत, त्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमातल्या विषयांवरून घ्यायच्या. स्तंभ म्हणजे सत्रं. चौकटीत फुली मारू नका. गुण लिहा, आणि पुढे एक अक्षर: दीर्घोत्तरीला "दी", लघुत्तरीला "ल", कारण द्याला "का", हकिगतीला "ह". एकाच ओळीत चारही अक्षरं दिसली की समजा, हा विषय मुळापासून करायचा. फक्त "ल" दिसत असेल तर व्याख्या, आकृती आणि दोन-तीन कारणं इतकी तयारी बहुधा पुरते. ओळीच्या शेवटी गुणांची बेरीज आणि तो विषय करायला लागणारे तास, दोन्ही लिहा. तासामागे जास्त गुण देणारा विषय तो हाय-यील्ड, नुसता वारंवार दिसणारा नव्हे.

मागच्या परीक्षेतलं यंदा सोडायचं, या सल्ल्याने दरवर्षी कुणी ना कुणी रडतं. पेपर काढणारे बदलतात. एखादा परीक्षक मागचा पेपर पाहून तोच दीर्घोत्तरी टाळेल, हे मान्य. पण विषय टळत नाही. कार्डियाक सायकल दीर्घोत्तरीत येऊन गेली की पुढच्या वेळी हृदयाचे आवाज किंवा ज्युगुलर व्हेनस पल्स लघुत्तरीत येऊ शकतो, आणि ज्याने सायकलच सोडली त्याला तेही लिहिता येत नाही. हे स्वतःच्या तक्त्यावर तपासा. लागोपाठच्या सत्रांच्या जोड्या घ्या. एका सत्रात आलेल्या विषयांपैकी किती पुढच्याच सत्रात परत आले ते मोजा, आणि एरवी कुठलाही विषय सरासरी किती सत्रांत दिसतो त्याच्याशी तुलना करा. "आलं की टळतं" हे खरं असेल तर पहिला आकडा स्पष्टपणे लहान निघायला हवा. मात्र सगळे विषय एकत्र मोजा. एकट्या विषयाच्या सात-आठ जोड्यांवरून काहीच ठरत नाही.

आणि जे कधीच आलं नाही ते. समजा एखादा विषय प्रत्येक पेपरात येण्याची शक्यता खरोखर 30 टक्के आहे. तरीही तो सलग आठ पेपरांत न दिसण्याची शक्यता किती? 0.7 आठ वेळा गुणा: सुमारे 0.06, म्हणजे शंभरात सहा. आता अशा शक्यतेचे विषय 40 असतील, तर त्यातले दोन-तीन निव्वळ योगायोगाने आठही पेपरांत कोरे दिसतील. ते महत्त्वाचे नाहीत असा त्याचा अर्थ नाही. पुढच्या पेपरात त्यांची शक्यता तीच, 30 टक्के. म्हणून आठ पेपर हातात असताना "सहादा आलं" आणि "पाचदा आलं" यात फरक मानू नका, आणि कोऱ्या ओळीला शून्य समजू नका. "सहादा" आणि "एकदा" यातला फरक मात्र विचारात घेण्यासारखा आहे. क्रम त्यावरून लावा.

कोऱ्या ओळींसाठी मी मुलांना प्रत्येकी अर्धा तास देते: व्याख्या, एक आकृती किंवा फ्लोचार्ट, आणि "हे बिघडलं तर काय होतं" याचं एक उदाहरण. लघुत्तरी आला तर निम्मे-अधिक गुण एवढ्यातून मिळतात, आणि एमसीक्यूत यातलंच काही विचारलं गेलं तर तोही सुटतो.