भाड्याची आठवण आणि एक 🙏

आज सकाळी एक मेसेज लिहायला मला वीस मिनिटं लागली. कोथरूडच्या आमच्या वन बीएचकेचं भाडं १७,००० रुपये. करारात तारीख ५ आहे, आज १३. भाडेकरू मुलगा चांगला आहे, दिवाळीला फराळाचा डबा परत करताना रिकामा देत नाही. समोर भेटला असता तर मी सहज म्हटलं असतं, "अरे, या महिन्याचं भाडं आलं नाही रे अजून." त्या "रे"मध्ये सगळं आलं असतं. पण लिहिताना मी त्याला "तुम्ही" लिहिते, आणि "भाडं जमा झालेलं नाही" हे वाक्य स्क्रीनवर बँकेच्या नोटिशीसारखं दिसायला लागतं. म्हणून अंगठा आपोआप इमोजीकडे वळतो. बोलण्यातला "रे" लिहिताना हरवतो आणि त्याची जागा आपण 🙏 ला देतो.

मागच्या भाडेकरूच्या वेळी मी लिहिलं होतं, "भाडं राहिलंय, जमेल तेव्हा पाठवा 🙂". दुसऱ्या महिन्यात विचारलं तर त्याने माझाच मेसेज पुढे केला, "तुम्हीच म्हणालात ना जमेल तेव्हा." घर सोडलं तेव्हा अडीच महिन्यांचं भाडं थकलेलं, म्हणजे ४०,०००. डिपॉझिट होतं ५०,०००. उरलेल्या दहा हजारांत वीजबिल आणि रंगकाम कसंबसं भागलं. तेव्हा मी सगळा दोष त्या हसऱ्या चेहऱ्याला दिला होता. आज मला वाटतं, मेसेज कच्चा होता तो "जमेल तेव्हा"मुळे. त्यात रक्कम नव्हती, तारीख नव्हती. हसऱ्या चेहऱ्याने फक्त एवढंच सांगितलं की काकूंना घाई नाही.

म्हणून आज पहिला खर्डा लिहिला तो असा: "भाडं १५ तारखेपर्यंत पाठवाल का? 🙏". वाचून बघितलं आणि खटकलं. आपल्या मराठीत मऊपणा क्रियापदातच असतो. "पाठवा" म्हटलं की सांगणं, "पाठवा ना" म्हटलं की आर्जव, "पाठवाल का" म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक. त्या मोकळिकीवर पुन्हा हात जोडले की जे माझं येणं आहे ते मी उसनं मागतेय असं होतं. मऊपणा एकदाच हवा, एकतर क्रियापदात नाहीतर इमोजीत.

दुसरी गोष्ट जागेची. रकमेच्या किंवा तारखेच्या शेजारी इमोजी बसला की तो त्या आकड्यालाच ढिला करतो. तोच 🙏 "नमस्कार"च्या शेजारी ठेवला की नमस्कारच राहतो. आपल्याकडे या चिन्हाचा पहिला अर्थ तोच आहे. 🙂 मात्र मी पैशाच्या मेसेजमध्ये आता वापरत नाही. माझ्या वयाच्या माणसांना तो प्रेमळ वाटतो, माझ्या मुलीच्या वयाच्यांना तो टोमणा वाटतो. मला दोन्ही नकोत.

शेवटी गेलेला मेसेज हा:

"नमस्कार 🙏
या महिन्याचं भाडं १७,००० रुपये ५ तारखेला यायचं होतं, अजून जमा झालेलं दिसत नाही. कृपया बुधवारी, १५ तारखेपर्यंत पाठवा. काही अडचण असेल तर आज फोन करा."

शेवटचं वाक्य मी मनापासून लिहिलं. आपुलकी दाखवायची तर ती अशा वाक्यात दाखवावी, ज्याला तो खरंच उत्तर देऊ शकेल. दुसरी आठवण करायची वेळ आली असती, तर तीत हा एक इमोजीही नसता. पहिल्यात होता म्हणून दुसऱ्यात नसणं त्याला कळलं असतं. पहिल्याच मेसेजमध्ये तीन-चार इमोजी उधळले की पुढे कडक व्हायला जागाच उरत नाही.

पाऊण तासाने उत्तर आलं. "सॉरी काकू, पगार उशिरा झाला. ८ हजार आत्ता पाठवतो, बाकी शुक्रवारी चालेल ना? 🙏" आणि लगेच यूपीआयची टिंग.

इथे मी 👍 टाकणार होते, पण थांबले. कॅनडात एका शेतकऱ्याने जवसाच्या खरेदीच्या कराराच्या फोटोवर नुसता 👍 पाठवला होता. २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने तो सहीसारखाच धरला आणि भरपाई बसली ८२,००० डॉलरच्या वर. आपल्याकडे कोर्ट काय म्हणेल हा मुद्दा नाही. पण त्या अंगठ्याने मी नेमकं काय मान्य केलं, शुक्रवार की दर महिन्याचा उशीर, हे त्यालाही कळलं नसतं आणि मलाही.

मी लिहिलं, "८,००० मिळाले. उरलेले ९,००० शुक्रवारी, १७ तारखेला. या महिन्यापुरतं चालेल. पगाराची तारीखच बदलली असेल तर सांगा, पुढच्या करारात भाड्याची तारीख १० करू."

त्याने फोन केला. तारीख खरंच बदलली होती, आणि हे मला कसं सांगावं म्हणून तो चार दिवस अडून बसला होता.