कामगारांचा पगार आणि बँक: एकाच पायरीवर, पण किती?

"शिरोलीतली फाउंड्री लिलावात निघाली तर कामगारांचा थकीत पगार आधी मिळतो ना? मग बँकच सगळं कसं नेते?"

दादा, दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 प्रमाणे पहिल्यांदा प्रक्रियेचा खर्च पूर्ण भागतो. त्यानंतर कामगारांची मागची 24 महिन्यांची देणी आणि तारण स्वतः न विकता सामायिक विक्रीसाठी सोडून दिलेली बँक एकाच पायरीवर येतात. पैसे अपुरे असतील तर दोघांना सारख्याच प्रमाणात मिळतात.

समजा विक्रीचे 10 कोटी आले, खर्च 1 कोटी, कामगारांचे 2 कोटी, बँकेचे 16 कोटी. उरलेल्या 9 कोटींवर 18 कोटींचे दावे, म्हणजे रुपयाला आठ आणे. कामगारांना 1 कोटी, बँकेला 8. इथेच पैसे संपले. सुपरवायझर आणि ऑफिस स्टाफ (12 महिन्यांपुरते) पुढच्या पायरीवर, त्यांना शून्य. भंगार आणि वाळू पुरवणारे त्याहून खाली, भागधारक अगदी शेवटी.

खरा घात 24 महिन्यांच्या मोजणीत होतो. ते कारखाना बंद पडल्यापासून नाही, परिसमापनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याचा, आदेश निघाल्या तारखेपासून मागे मोजतात. भट्टी आदेशाच्या तीन वर्षं आधीच थंडावली असेल तर त्यापूर्वीचा थकीत पगार सरळ पुरवठादारांच्या रांगेत जातो. म्हणून दाव्यात महिनावार आकडे लिहा, एकच ठोक रक्कम नको.

प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम मात्र या वाटणीत येतच नाही. ती कामगारांचीच, तिचा हिशेब वेगळा मागा.